रात्री साडेनऊची तलफ

सिगरेट सोडणाऱ्यांसाठीच्या मोबाइल ॲपमध्ये सगळ्यांत ठळक दिसतो तो दिवसांचा आकडा. सिगरेटविना किती दिवस गेले, ते तो रोज सांगतो. माझ्या मते खरं काम करते ती तलफेची नोंद. तलफ आली की बटण दाबायचं, तिच्या जोराला १ ते १० पैकी गुण द्यायचे, आपण कुठे आहोत आणि काय करतोय ते दोन शब्दांत लिहायचं. यात वेळ जातो तोही कामाचा, कारण एकेक तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते.

शरीर निकोटिन मागतं म्हणून पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच उतरतो. सवयीची तलफ मात्र त्यानंतरही ठरल्या जागी, ठरल्या वेळी येत राहते. ती नोंदींत सापडते.

समजा, एका गृहस्थांनी आठवडाभर नोंदी ठेवल्या. सकाळच्या चहाला ४, ऑफिस सुटल्यावर टपरीसमोर ६, आणि रात्री साडेनऊला, जेवण आटोपून गच्चीवर गेल्यावर, ९. ऑफिसच्या ताणामुळे ओढावीशी वाटते अशी त्यांची समजूत होती; नोंदी बोट दाखवतात गच्चीकडे. तेव्हा धीराचा संदेश सव्वानऊलाच यायला हवा, आणि तो त्यांनी स्वतः, मन शांत असताना, लिहून ठेवलेला असावा: ‘जेवण झालंय. गच्चीवर जाऊ नकोस. लवंग तोंडात टाक, चपला घाल, कोपऱ्यापर्यंत चालून ये.’ नुसतं ‘तुम्हाला नक्की जमेल’ हे चार दिवसांत न वाचताच पुसलं जातं.

अशा संदेशांचा उपयोग तपासून पाहिलेला आहे. ब्रिटनमधल्या ‘टेक्स्ट टू स्टॉप’ या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा महिन्यांनंतर, संदेश मिळणाऱ्यांपैकी १०.७ टक्के लोक सिगरेटपासून दूर होते. इतरांत हे प्रमाण ४.९ टक्के होतं. म्हणजे दुपटीहून जास्त, तरी बहुतेकांना जमलं नाहीच. त्या योजनेत तलफ आली किंवा एखादी ओढली गेली, तरी तसं कळवून लगेच मदतीचा संदेश मागवता येई.

ही दुसरी सोय फार मोलाची आहे. तीस दिवस निभावल्यावर लग्नघरात एक सिगरेट ओढली आणि आकडा थेट शून्यावर आला, तर ‘आता गेलंच सगळं’ म्हणून माणूस अख्खं पाकीट आणतो. त्यापेक्षा ‘३१ पैकी ३० दिवस’ असं दाखवणारं ॲप निवडा. तेच खरंही आहे.

झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल, तर अवलंबित्व जास्त आहे. अशांनी केवळ ॲपवर विसंबू नये. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी याबद्दल डॉक्टरांना विचारावं. समुपदेशनासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनही आहे, क्रमांक १८००-११-२३५६.