३०९ आणि ३१० मधलं अंतर

शिष्यवृत्ती मिळालेली मुलं पुढे जास्त शिकतात, हे सांगायला संशोधक लागत नाही. पण ती पैशामुळे शिकली, की मुळातच हुशार होती म्हणून? सगळे लाभार्थी एका बाजूला आणि उरलेले दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना केली, तर याचं उत्तर कधीच मिळणार नाही.

कोलंबिया सरकारने २०१४ साली ‘सेर पिलो पागा’ ही योजना आणली. गरीब घरातल्या ज्या मुलांना शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या ‘साबेर ११’ परीक्षेत ५०० पैकी किमान ३१० गुण मिळाले, त्यांना नावाजलेल्या विद्यापीठांत शिकायला कर्ज मिळायचं आणि पदवी पूर्ण केली की ते माफ व्हायचं. आता ३०९ वाला आणि ३१० वाला यांच्या हुशारीत फरक तो कितीसा? एखादं उत्तर अंदाजाने बरोबर आलं, एवढाच. पण एकाला सगळं मिळालं, दुसऱ्याला काहीच नाही.

‘रिग्रेशन डिसकंटिन्युइटी’ या पद्धतीचं मर्म हेच. गुण वाढतील तसं विद्यापीठात जाण्याचं प्रमाणही हळूहळू वाढतंच. म्हणून ३१० च्या आसपासची मुलं घेऊन रेषेच्या अलीकडच्यांचा कल वेगळा काढायचा, पलीकडच्यांचा वेगळा, आणि ऐन ३१० वर दोन्हींत किती उडी दिसते ते मोजायचं. कोलंबियात गरीब मुलांमध्ये ती उडी शंभरामागे सुमारे ३२ मुलांची निघाली.

या उडीवर विश्वास ठेवायला एक अट आहे. शिष्यवृत्ती नसतीच, तर ३१० पाशी काहीही उसळलं नसतं, हे मानता आलं पाहिजे. त्याच गुणांवर दुसरी एखादी सवलत सुरू होत असेल, तर उडी नेमकी कशाची ते कळणार नाही. आणि कुणाला ठरवून रेषेच्या पलीकडे जाता आलं, तर सगळंच फसलं. मग दोन्हीकडची मुलं सारखी राहत नाहीत. इथे परीक्षा ऑगस्टमध्ये झाली आणि योजना जाहीर झाली ऑक्टोबरमध्ये. पेपर लिहिताना ३१० हा आकडा कुणाच्या गावीही नव्हता.

गडबड पकडायची कशी, हेही त्याच देशाने दाखवलंय. गरिबी मोजण्याच्या तिथल्या जुन्या गुणपद्धतीचं सूत्र १९९७ मध्ये स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती पडलं. त्यानंतर लाभाच्या मर्यादेच्या जेमतेम खाली कुटुंबांची अचानक दाटी झाली आणि मर्यादेच्या वर ती एकदम विरळ झाली. अशी दाटी दिसली की संशोधकाने आकडेमोड थांबवावी. वयाने किंवा पालकांच्या शिक्षणाने दोन्ही बाजू रेषेवर एकदम वेगळ्या पडल्या, तरी तेच.

अट पाळली गेली, तरी उत्तर मिळतं ते रेषेजवळच्या मुलांपुरतंच. ४०० गुणांच्या मुलालाही तेवढाच फायदा झाला, असं कुणी या ३२ वरून सांगू लागलं, तर मान्य करू नका. त्याच्याबद्दल ही उडी काहीच सांगत नाही.