कॉफी भाजताना कान द्या

वांद्र्याच्या चॅपल रोडवर भाजलेली कॉफी सहज मिळते. हिरव्या बिया मात्र मुद्दाम मागवाव्या लागतात. चिकमगळूरच्या किंवा आपल्या चिखलदऱ्याच्या मिळाल्या तर उत्तम.

जाड बुडाच्या कढईत 100 ग्रॅम बिया मध्यम आचेवर घ्या आणि शेंगदाण्यांसारख्या सतत हलवत राहा. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाजलेल्या पावाचा. साधारण दहा मिनिटांनी लाह्यांसारखा तडतडाट सुरू होतो, कारण आत कोंडलेली वाफ बी फोडून बाहेर पडते. तो ओसरला की मिनिटभरात कढई उतरवा. त्यानंतर बारीक, कुरकुरीत असा दुसरा आवाज येतो. तिथवर गेलात तर बियांवर तेल सुटतं आणि कडूपणा वाढतो.

कढईत रंग थोडा कमीजास्त होतोच. गरम हवेच्या पॉपकॉर्न मशीनमध्ये भाजणी सारखी होते, पण फोलपटं घरभर उडतात, म्हणून ते खिडकीजवळ ठेवा. दोन चाळण्यांत पाखडून बिया लगेच गार करा, नाहीतर त्या आतल्या उष्णतेने भाजतच राहतात.

मग वजन करा. 85 ग्रॅमच्या आसपास भरलं तर भाजणी मध्यम झाली. दळायला मात्र एक दिवस थांबा.