तावदान, लांबी आणि तीन मिलिमीटर

लाकडी खिडकीच्या झडपेत काच बसते ती चौकटीच्या बाहेरच्या अंगाला कोरलेल्या पायरीसारख्या खाचेत. आतल्या बाजूने खाचेचा काठ तिला अडवतो, बाहेरून लांबी. ही लांबी मोजपट्टीवरची नव्हे. खडूची पूड जवसाच्या कच्च्या तेलात मळून केलेल्या लगद्याला सुतार आणि रंगारी लांबी म्हणतात, दुकानात तिलाच पुटी म्हणतात. भिंतीला लावायची पांढऱ्या सिमेंटची पुटी वेगळी. नावाच्या घोटाळ्यात तीच खिडकीला लागते; ती कडक होते, लाकडाबरोबर हलत नाही आणि काचेपासून सुटते.

काच फुटली की मोजायची ती जुनी काच नव्हे, खाच. त्याआधी जुनी लांबी पटाशीने पूर्ण काढावी लागते, कारण कोपऱ्यात राहिलेला खडा माप चुकवतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, अशी तीन-तीन ठिकाणी खाचेच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत घेतात. त्यातले सर्वांत लहान माप धरून त्यातून 3 मिलिमीटर वजा करतात, म्हणजे प्रत्येक कडेला सुमारे दीड मिलिमीटर जागा सुटते. पावसाळ्यात लाकूड फुगते, काच फुगत नाही. जागा नसेल तर लाकूड काचेच्या कडेवर दाब देते आणि चीर बहुधा कोपऱ्यातून सुरू होते.

एका जुन्या सागवानी झडपेचे उदाहरण घेता येईल. रुंदी 418, 419 आणि 417 भरली, उंची सगळीकडे 562. नियमाप्रमाणे काच 414 बाय 559 हवी. पण कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजले, तेव्हा एक कर्ण 702 आणि दुसरा 698 निघाला. झडप कलली आहे. चार मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण एवढ्या उंचीत बाजू साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास सरकलेल्या असतात. 414 ची काटकोनी काच समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत अडकणार. म्हणून रुंदी 411 सांगायची. काही ठिकाणी पावणेपाच मिलिमीटरपर्यंत फट राहते, पण खाचेचा काठ 9 मिलिमीटर रुंद असल्याने काच टेकायला तेवढ्यातही चार मिलिमीटर मिळतात. खाच अरुंद असेल तर पुठ्ठ्याचा नमुना कापून खाचेत बसवून पाहावा आणि तोच काचवाल्याला द्यावा.

कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि उरतो तो सुका खडू. म्हणून साफ केलेल्या खाचेला आधी तेलाचा प्रायमर लावून वाळू देतात. मग लांबी हातावर मळतात. बोटाला चिकटायची थांबली की ती तयार. तिचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर खाचेच्या काठावर पसरतात. तळाशी दीड मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी चिपा ठेवल्या नाहीत तर काच वजनाने खाली बसते आणि खालची मोकळी जागा नाहीशी होते. काच कडांवर दाबत बसवावी, मध्यभागी कधीच दाबू नये. आतल्या बाजूला सगळीकडे लांबी बाहेर आली की गादी भरली असे समजावे.

काच धरून ठेवतात ते ग्लेझिंग पॉइंट, म्हणजे पत्र्याचे छोटे त्रिकोणी तुकडे. लांबीचे मुख्य काम पाणी अडवणे. ते मिळाले नाहीत तर बारीक चुका चालतात. प्रत्येक बाजूला किमान दोन, साधारण 15 ते 20 सेंटिमीटरवर एक. पॉइंट काचेवर आडवा ठेवून पटाशीच्या पात्याने लाकडात निम्मा सरकवतात. चुका ठोकताना हातोडी काचेवरून घसरवत न्यावी लागते. वरून मारलेला एक घाव सगळी मोजणी वाया घालवतो.

शेवटी बाहेरून लांबीची वळी दाबून भरतात आणि चाकू तिरका धरून, शक्य तर एकाच ओढीत, उतार काढतात. उताराची काचेवरची कड आतल्या काठापेक्षा दोन मिलिमीटर आत ठेवतात. घरातून लांबी दिसत नाही आणि रंगालाही जागा राहते. कोपऱ्यात दोन उतार फोटोच्या चौकटीसारखे जुळतात. आतली जादा लांबी कापून टाकतात.

लांबीवर साय धरायला एक ते तीन आठवडे लागतात, दमट हवेत जास्तच. बोटाचा ठसा उमटत असेल तर थांबायचे. घाईने दिलेल्या रंगाला सुरकुत्या पडतात. उलट रंगच दिला नाही तर लांबी सुकून तडकते. रंगाचा ब्रश काचेवर दीड-दोन मिलिमीटर चढवतात, तेवढ्याने काच आणि लांबी यांमधली फट बंद होते. दुहेरी काचेच्या बंद तावदानांना मात्र ही पद्धत लागू नाही. जवसाचे तेल त्यांच्या कडेचे सील खराब करते.