फ्रेंचमध्ये ऐनवेळी भेट पुढे ढकलताना

फ्रेंच शिकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी भेट ठरवायला शिकतो, पण ठरलेली भेट मोडायला त्याला सहसा कोणी शिकवीत नाही. परदेशी गेल्यावर मात्र हा प्रसंग लवकरच येतो, आणि तोही विचार करायला सवड नसताना. फ्रेंचचे अध्यापन करताना मला असे आढळले आहे की अशा वेळी व्याकरणापेक्षा दुसरीच अडचण मोठी असते. आपले विद्यार्थी माफी भरपूर मागतात. पण समोरच्या माणसाला ज्याची गरज असते ती माहिती शेवटी देतात, किंवा देतच नाहीत. म्हणून या लेखात एवढ्या एकाच गोष्टीचा विचार करावयाचे योजिले आहे. फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत अदमासे दिले आहेत. ते तंतोतंत नाहीत.

ठरवून घेतलेल्या भेटीला फ्रेंचमध्ये 'रांदेवू' म्हणतात. प्राध्यापकांशी, डॉक्टरशी, बँकेतल्या अधिकाऱ्याशी ठरलेली भेट हा रांदेवूच. भेटीला येता येणार नाही हे आधी कळविणे, या क्रियेसाठी जो शब्द वापरतात तो 'प्रेवनीर'. त्याची फोड केली तर 'आधी येणे' असा अर्थ निघतो. आपण स्वतः पोहोचू शकत नसू तर निदान आपली वर्दी आपल्या आधी पोहोचली पाहिजे. काही न कळविता गैरहजर राहणाऱ्याबद्दल फ्रेंच माणूस म्हणतो, याने मला 'ससा ठेवला', म्हणजे 'पोज़े अं लापें'. हा वाक्प्रचार थट्टेचा वाटला तरी त्यामागचा राग खरा असतो. राग भेट न झाल्याचा नसतो, वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा असतो. तेव्हा आदर दाखविणे म्हणजे तो वेळ, जितका शिल्लक असेल तितका, त्याचा त्याला परत करणे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपला एक विद्यार्थी ल्यों येथे शिकत आहे. दुपारी अडीच वाजता त्याला आपल्या प्राध्यापक बाईंना भेटायचे आहे. सकाळी तो ग्रनोब्लला गेला होता. परतीची एकची गाडी रद्द झाल्याचे त्याला स्टेशनवर पावणेएकला कळले. पुढची गाडी दोनला आहे. प्रवास सुमारे दीड तासाचा, म्हणजे साडेतीनला तो ल्योंच्या पार-दियू स्थानकावर उतरेल, आणि तेथून विद्यापीठात पोहोचायला आणखी अर्धा तास धरू. चारच्या आत तो पोहोचू शकत नाही.

हा हिशेब फोन करण्यापूर्वीच झाला पाहिजे. कारण बाईंचा पहिला प्रश्न 'मग तुम्ही केव्हा येऊ शकता?' हाच असणार. त्याला उत्तर नसेल तर त्यांना पुन्हा वाट पाहावी लागेल, या खेपेस फोनची. मात्र हिशेबात वेळ दवडूनही चालत नाही. पावणेएकला कळले आणि एकला फोन केला, तर बाईंना दीड तास परत मिळतो. सव्वादोनला केला तर नेमकी तीच माफी, त्याच शब्दांत मागूनही, पाव तासच परत मिळतो. आणि इतक्या ऐनवेळी नुसता लेखी निरोप पाठवून भागत नाही. तो वाचला जाईलच याचा भरवसा नसतो. म्हणून आधी फोन करावा.

यानंतर क्रियापद निवडावे. येथे तीन शब्द जवळजवळ दिसतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. 'आन्युले' म्हणजे रद्द करणे. हे ऐकल्यावर बाई वहीतून तुमचे नाव खोडतील आणि विषय संपेल. 'रपोर्ते' म्हणजे दुसऱ्या दिवसावर ढकलणे. 'देकाले' म्हणजे थोडे सरकविणे, बहुधा त्याच दिवशी. आपल्या विद्यार्थ्याला 'देकाले' हवे आहे. इंग्रजीच्या सवयीने 'कॅन्सल'चा अर्थ धरून तो 'आन्युले' म्हणाला, तर भेट हवी असूनही नको असल्याचे त्याने कळविले असे होईल.

या क्रियापदांमागे येणारे शब्दयोगी अव्ययही तितकेच महत्त्वाचे आहे. 'देकाले आ दज़र' म्हणजे दोन वाजण्याच्या वेळेवर सरकविणे. 'देकाले द् दज़र' म्हणजे दोन तासांनी सरकविणे. मराठीत 'दोनवर' आणि 'दोन तासांनी' यांत आपण चुकणार नाही, पण फ्रेंचमध्ये तास आणि वाजणे या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे सारा भार त्या 'आ' आणि 'द्' यांवर पडतो. शिवाय कामकाजात चोवीस तासांचे घड्याळ चालते: दुपारचे चार म्हणजे 'सेज़ अर', सोळा. सोळा म्हटले की घोटाळ्याला जागा उरत नाही.

आता प्रत्यक्ष फोन. विद्यार्थी नमस्कार करून आपले नाव सांगतो आणि विचारतो, 'झ न वू देरांझ पा?' मी आपल्या कामात व्यत्यय तर आणीत नाही ना? मग थेट मुद्द्यावर येतो.

'झ वूज़ आपेल ओ स्युझे द् नोत्र रांदेवू द् कातोर्ज़ अर त्रांत.' आपल्या अडीचच्या भेटीसंबंधी फोन करीत आहे.

'मों त्रें व्यें देत्र आन्युले. झ न पुरे पा एत्र आ ल्यों आवां केंज़ अर त्रांत.' माझी गाडी नुकतीच रद्द झाली. साडेतीनच्या आत मी ल्योंला पोहोचू शकणार नाही.

'झ स्युई देज़ोले द् वू प्रेवनीर सी तार.' इतक्या उशिरा कळवीत आहे याचे मला वाईट वाटते.

'एस् कील वू सरे पोसीब्ल द् देकाले आ सेज़ अर, ऊ प्रेफेरे-वू अंनोत्र झूर?' चार वाजता भेटणे आपल्याला शक्य होईल का, की दुसरा एखादा दिवस आपण पसंत कराल?

या चार वाक्यांचा क्रम सहेतुक आहे. कोणती भेट, काय अडले, दिलगिरी, आणि मग निवड. दिलगिरी एकाच वाक्यात आहे आणि ती गाडी रद्द झाल्याबद्दल नाही. तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे. ती उशिरा कळविल्याबद्दल आहे, कारण बाईंचे नुकसान त्याने झाले. पुष्कळजण 'झ मेक्स्क्यूज़' म्हणतात. ते बोलण्यात सर्रास चालते, पण त्याचा शब्दशः अर्थ 'मी स्वतःला माफ करतो' असा होतो, म्हणून भाषेविषयी काटेकोर असणाऱ्यांना ते खटकते. त्याऐवजी 'झ वू प्री द् मेक्स्क्यूज़े', मला क्षमा करावी अशी विनंती, हे केव्हाही सुरक्षित.

चौथ्या वाक्यातले 'सरे' हे रूप लक्षात घ्यावे. ते संकेतार्थी आहे: 'शक्य आहे का' असे नव्हे, तर 'शक्य होईल का'. त्याचप्रमाणे 'झ व' म्हणजे 'मला पाहिजे'. 'झ वूद्रे' म्हणजे 'मला हवे होते'. मराठीतही 'पाहिजे'पेक्षा 'हवे होते' सौम्य वाटते, तसेच हे. आणि 'वू' हे आपले 'तुम्ही', कन्नडमधले 'नीवु'. प्राध्यापकांशी बोलताना ते सुटता कामा नये. पण रूपांपेक्षाही महत्त्वाची आहे ती शेवटची निवड. वेळ बाईंचा आहे, तेव्हा निर्णयही त्यांचा. 'मी चारला येतो' असे सांगणे म्हणजे त्यांचा दुसरा तासही आपणच खर्ची घालणे.

कारण किती सांगावे, हाही प्रश्न येतो. आपल्याकडे घरातल्या आजारपणाची सविस्तर हकीकत सांगितली नाही तर समोरच्याला टाळल्यासारखे वाटते. फ्रेंचमध्ये खाजगी अडचणीसाठी 'आंपेशमां' हा एक शब्द पुरतो: अडथळा आला. अडथळा कसला, असे सभ्य माणूस विचारीत नाही. गाडीचे कारण मात्र सांगावे, कारण त्यावरून आपण केव्हा पोहोचू हे त्याला समजते. जेवढे त्याच्या उपयोगाचे तेवढेच सांगावे.

बाईंनी दुसरा दिवस सुचविला, तर एक गंमत आपल्या कामी येते. फ्रेंच लोक सप्ताहाला 'युइ झूर', आठ दिवस, आणि पक्षाला 'केंज़ झूर', पंधरा दिवस, म्हणतात. आपल्या आठवडा आणि पंधरवडा या शब्दांतही तेच आठ आणि पंधरा बसले आहेत. त्यामुळे सोमवारी त्या 'झदी आं युइत' म्हणाल्या, तर तो याच आठवड्यातला गुरुवार नसून त्यापुढचा, हे मराठी माणसाला चटकन उमजावे. तरीही तारीख उच्चारून खात्री करून घ्यावी.

त्यांच्या उत्तराकडेही कान द्यावा. 'स ने पा ग्राव' म्हटले तर विशेष बिघडलेले नाही. 'तां पी' म्हटले तर ते 'जाऊ द्या' आहे. त्यात थोडी निराशा असते, आणि नवी वेळ लावून धरू नये. 'से नोते', नोंद घेतली, म्हटले तर नवी वेळ नक्की झाली असे समजावे.  'तने-म्वा ओ कुरां', मला कळवीत राहा, याचा अर्थ पुढचा निरोप तुमच्याकडून यायचा आहे.

फोन झाल्यावर दोन ओळींचा लेखी निरोप धाडावा. त्याची सुरुवात 'कोम् कोंवन्यू', ठरल्याप्रमाणे, अशी करून वार, तारीख, वेळ आणि जागा लिहावी. माफी तेथे पुन्हा आळवू नये. तिला उत्तर देण्यातही बाईंचा वेळ जातो. 'देज़ोले' लिहिताना विद्यार्थिनीने शेवटी एक जादा 'ई' अक्षर लिहावे. उच्चारात फरक पडत नाही, पण लेखनात तो दिसतो.

जेथे वेळ एखाद्या संकेतस्थळावरून घेतली असेल, तेथे यांपैकी बरेचसे सौजन्य गैरलागू ठरते. तेथे वेळ त्याच ठिकाणी ताबडतोब रद्द करावी, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला तरी मिळते. येथे 'आन्युले' हेच योग्य क्रियापद. माणूस समोर नसला तरी वेळ परत करण्याचे तत्त्व तेच राहते.