उसाची ट्रॉली आणि आपली सायकल

गळीत हंगामात सांगली-मिरज भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावतात. पहाटे सायकलने कामावर जाणाऱ्या बंधू-भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ट्रॅक्टर डावीकडे वळला, की मागची ट्रॉली त्याच्याच चाकोरीतून जात नाही; ती आतल्या बाजूला, रस्त्याच्या कडेला सरकते. तिथे असलेली सायकल चाकाखाली सापडते. म्हणून वळणाजवळ ट्रॉलीच्या डावीकडून पुढे घुसू नका, मागेच थांबा.

अंधारात मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पुढे बॅटरी हवीच. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसावे. मागे सरकले तर कपाळ उघडे पडते.

पायी जाणाऱ्यांनी फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते.