पौंड आधी उसळला, मग उतरला

मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या, तेव्हा एका पौंडाला दोन डॉलरहून थोडे जास्त मिळत. १९८० च्या अखेरीस तोच पौंड २.४० डॉलरच्या आसपास पोचला आणि १९८१ च्या शरदात १.८० च्या जवळ घसरला. एवढ्या अवधीत ब्रिटनची आर्थिक ताकद इतकी वाढली आणि लगेच इतकी घटली, असे कोणी म्हणणार नाही. मग चलन एवढे का हलले?

याचे एक उत्तर रुडिगर डॉर्नबुश या जर्मनीत जन्मलेल्या अर्थतज्ज्ञाने १९७६ सालीच एका शोधनिबंधात मांडून ठेवले होते. त्याच्या कल्पनेला ‘ओव्हरशूटिंग’ म्हणतात. धक्का बसला की चलन आपल्या कायमच्या पातळीवर थांबत नाही, तिच्या पलीकडे जाते आणि मग सावकाश मागे येते. त्याच्या मते यात सटोडियांचा वेडेपणा असण्याची गरज नाही. सगळे शहाणपणाने वागले तरी हेच घडेल.

कारण दोन बाजारांच्या वेगात आहे. वस्तूंच्या किमती आणि पगार हळू बदलतात. पगाराचे करार बहुधा वर्षातून एकदा होतात, दरपत्रके महिनोन्‌महिने तीच राहतात. चलनाचा भाव मात्र क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे सरकारने अचानक पैशाचा पुरवठा आवळला, की किमती लगेच उतरत नाहीत. व्यवहारांना पैसा पूर्वीइतकाच लागतो, पण तो कमी उपलब्ध असतो. साहजिकच व्याजदर चढतात.

आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा या आवळण्यामुळे पौंडाची कायमची पातळी २ डॉलरवरून २.१० डॉलर होणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लंडनमध्ये व्याज १२ टक्के, न्यूयॉर्कमध्ये ९ टक्के, आणि हा फरक दोन वर्षे टिकेल अशी अपेक्षा आहे. पौंड आज २.१० वरच थांबला, तर पैसा लंडनला नेणाऱ्याला दरवर्षी ३ टक्के जादा मिळतील आणि तोटा काहीच होणार नाही. मग सगळेच पौंड घ्यायला धावतील आणि तो महाग होत जाईल. ही खरेदी थांबेल कधी? पौंड इतका महाग झाल्यावर, की पुढची दोन वर्षे तो दरसाल ३ टक्क्यांनी घसरेल असे दिसू लागेल. म्हणजेच आजचा भाव सुमारे २.२३ डॉलर हवा. व्याजातली जादा कमाई आणि पौंडाची घसरण यांची तिथे फिटंफाट होते. व्याजाचा फरक जितका मोठा आणि जितका जास्त काळ टिकणारा, तितकी ही उडी मोठी.

ब्रिटनमध्ये जून १९७९ च्या अर्थसंकल्पावेळी मुख्य व्याजदर १४ टक्के झाला आणि नोव्हेंबरमध्ये १७ टक्के. दरम्यान ऑक्टोबरमध्ये परकीय चलनावरचे निर्बंधही उठले. महागाई मात्र लगेच हटली नाही, मे १९८० मध्ये ती २१ टक्क्यांच्या वर होती. म्हणजे ब्रिटिश माल देशातही महागत होता आणि पौंड चढल्याने परदेशी गिऱ्हाइकाला आणखी महाग पडत होता. ओव्हरशूटिंग ओळखण्याची खूण इथेच आहे: देशातल्या किमती उतरण्याआधीच चलन वधारते आणि निर्यातदार दोन्ही बाजूंनी कापला जातो. १९७९ ते १९८१ या काळात ब्रिटनचे कारखानी उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी घटले आणि बेकारांची संख्या १९८० मध्येच २० लाखांवर गेली.

पण पौंडाच्या सगळ्या चढाचे श्रेय या एका सिद्धांताला देता येत नाही. उत्तर समुद्रातले तेल तेव्हा वाहू लागले होते आणि इराणच्या क्रांतीनंतर तेलाचे भाव भडकले होते. तेलामुळे पौंडाची कायमची पातळीच थोडी वर गेली असणार. १९८१ ची घसरणही काही अंशी अमेरिकेतले व्याजदर चढून डॉलर बळावल्याने झाली. तरी तेल वाहत असतानाच पौंड इतका खाली आला, यावरून आधीच्या चढाचा बराच भाग तात्पुरता असावा असे वाटते. शिवाय डॉर्नबुशच्या मांडणीत उडी एका क्षणात बसते, तर पौंडाला शिखर गाठायला दीड वर्ष लागले. मार्टिन आयशेनबाउम आणि चार्ल्स इव्हान्स यांनी १९९५ मध्ये डॉलरबाबतही असेच दाखवले: धक्क्यानंतर चलन महिनोन्‌महिने चढत राहते आणि मगच उतरू लागते.

धोरण ठरवणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी गोष्ट यातून निघते. चलन मागे येते, पण ते वर असताना बंद पडलेला कारखाना त्याच्याबरोबर परत उघडत नाही. यंत्रे विकली गेलेली असतात, कारागीर पांगलेले असतात, परदेशी गिऱ्हाइकाने दुसरा पुरवठादार धरलेला असतो. म्हणून महागाईविरुद्ध पैसा एकदम आवळायचा की टप्प्याटप्प्याने, हे ठरवताना पौंडाची अंतिम पातळी पाहून भागत नाही. तो वाटेत किती उंच जाईल आणि तिथे किती काळ राहील, याचाही हिशेब आधीच मांडावा लागतो.