अजून वीस गणितं नकोत, वेगळी दोन द्या

हातच्याची वजाबाकी सुरू झाली, की वर्गात ‘बाई, अजून गणितं द्या’ ही मागणी सतत येते. घरी तीच मागणी आई-बाबांकडे, आजोबांकडे जाते. अशा वेळी देणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. गणित थोडं अवघड करता येतं, त्यातला विषय बदलता येतो किंवा ते विचारण्याची आणि मांडण्याची पद्धत बदलता येते. प्रत्यक्षात यातलं काहीच ठरवलं जात नाही. गाइड उघडलं जातं आणि पुढची वीस गणितं वहीत उतरवली जातात. या सवयीमागे काही पक्के गैरसमज आहेत आणि ते दूर करायला वजाबाकीइतकं चांगलं ठिकाण नाही.

गैरसमज : गणितं चुकली म्हणजे सराव कमी पडला

एका वहीतली ही चार उत्तरं पाहा.

५२ − १७ = ४५
६८ − २३ = ४५
७१ − १६ = ६५
९० − ३४ = ६४

चारांपैकी एक बरोबर, तीन चूक. बहुतेक घरांत यावर ‘लक्ष नाही, अजून वीस सोडव’ असंच ऐकू येईल. पण नीट पाहिलं तर या मुलाचं लक्ष पूर्ण आहे. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, मग मोठा अंक वर असो की खाली. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तो ७ मधून २ काढतो. त्याचा नियम चुकीचा आहे, पण तो नियम तो चारही गणितांत इमानाने पाळतो. दुसरं गणित बरोबर आलं, कारण तिथे मोठे अंक वरच होते.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या पुष्कळशा चुका विस्कळीत नसतात, त्यांच्यामागे ठरावीक चुकीच्या रीती असतात, हे त्यातून पुढे आलं. त्यांतली ही सर्वांत ओळखीची रीत. अशा मुलाला तसलीच वीस गणितं दिली तर तो चुकीच्या नियमाचा वीस वेळा सराव करेल. ती बिनहातच्याची निघाली तर वीसही बरोबर येतील आणि चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

या मुलाला अवघड गणित नको, गोष्टीतलं नको आणि वेगळ्या मांडणीचंही नको. त्याला ही जोडी द्या :

५७ − १२
५२ − १७

दोन्हींत अंक तेच आहेत, फक्त एककातले २ आणि ७ वर-खाली झाले आहेत. त्याच्या रीतीने दोन्हींचं उत्तर ४५ येतं. मग शांतपणे विचारा : ‘पहिल्यात तुझ्याकडे ५७ रुपये होते आणि १२ दिलेस. दुसऱ्यात आधीच कमी होते आणि दिलेसही जास्त. तरी उरले सारखेच कसे?’ आपलं काहीतरी चुकतंय हे इथे त्याचं त्यालाच दिसतं. आता दहाच्या पाच नोटा आणि एकाची दोन नाणी पुढे ठेवा आणि १७ रुपये मागा. सात सुटे देता येत नाहीत म्हणून एक नोट मोडावी लागते. चार नोटा, बारा नाणी, आणि त्यांतून १७ गेले की ३५ उरतात. वहीत ५ खोडून ४ का लिहायचे, हे त्याला त्या नोटेवरून कळतं.

उदाहरणं निवडताना एक गोष्ट बदलावी आणि बाकी सगळं स्थिर ठेवावं. जे बदललं तेच मुलाच्या डोळ्यांत भरतं. संख्या, गोष्ट आणि मांडणी एकदम बदलली, तर मूल कशामुळे अडलं हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही.

गैरसमज : आकडे मोठे केले की गणित अवघड होतं

८६७५ − ३२४१ हे चार अंकी गणित भीतीदायक दिसतं. पण प्रत्येक घरात वरचा अंक मोठा आहे. चार छोट्या वजाबाक्या केल्या की ५४३४ हे उत्तर तयार. वर सांगितलेला मुलगाही ते बरोबर सोडवेल. याउलट ४०२ − १५७ दिसायला लहान आहे, पण इथे चांगली मुलंही अडखळतात. एककाला दशक हवा, तर दशकाच्या घरात शून्य. आधी शतक मोडून दहा दशक करायचे, त्यांतला एक दशक मोडून दहा एकक करायचे. म्हणजे ४०२ चे तीन शतक, नऊ दशक, बारा एकक होतात आणि उत्तर २४५ येतं. काही मुलं शतकातला एक थेट एककाला देऊन टाकतात. दशकात शून्य तसंच राहतं, मग त्यातून ५ जात नाहीत म्हणून पुन्हा उलटी वजाबाकी होते आणि उत्तर येतं २५५. कुठे २५५ दिसलं, तर ते मूल शतक मोडण्याच्या पायरीवर चुकलं असावं, हे न विचारताही बहुधा ओळखता येतं.

वजाबाकीत काठिण्याच्या खऱ्या पायऱ्या अशा चढतात : हातचा नाही, एकाच घरात हातचा, लागोपाठ दोन घरांत हातचा, आणि मग वरच्या संख्येत शून्य. पायरी चढवायची ती मागच्या पायरीवरची तीन-चार गणितं मूल स्वतःच्या शब्दांत कारण सांगत सोडवू लागलं की. नुसती उत्तरं बरोबर येणं पुरेसं नाही. ‘हा ४ का लिहिलास?’ याला ‘बाईंनी तसं सांगितलं’ असं उत्तर आलं, तर पायरी तीच ठेवा.

गैरसमज : आंब्यांऐवजी चेंडू घेतले की विषय बदलला

शाब्दिक उदाहरणांत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टोपलीत ५२ आंबे होते, १७ विकले, किती उरले? पेटीत ५२ चेंडू होते, १७ हरवले, किती उरले? झाडावर ५२ पोपट होते, १७ उडाले. ही तीन उदाहरणं नाहीत, एकच आहे. मूल दुसऱ्या गणितापासून वाचणंच सोडून देतं. दोन संख्या शोधायच्या आणि वजा करायच्या, एवढंच ते करतं, आणि सगळी बरोबरही येतात.

बदलायची असते ती गोष्टीची घडण. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या बेरीज-वजाबाकीच्या गोष्टींची वर्गवारी केली, ती आजही शिक्षकांच्या फार उपयोगाची आहे. काढून घेणं, जोडणं, भाग करणं आणि तुलना करणं असे प्रकार, आणि प्रत्येक प्रकारात अज्ञात कोणतं तेही वेगळं. संख्या त्याच ठेवून हे सहज करता येतं :

सायकलच्या घंटीला ५२ रुपये लागतात, १७ जमले. अजून किती हवेत? इथे काहीच काढून घेतलेलं नाही, तरी वजाबाकी आहे.

डब्यातले १७ लाडू संपले आणि ३५ उरले. आधी किती होते? इथे ‘संपले’ आणि ‘उरले’ दोन्ही शब्द आहेत, तरी बेरीज करायची आहे.

सईकडे ५२ गोट्या आहेत. त्या ओमच्या गोट्यांपेक्षा १७ ने जास्त आहेत. ओमकडे किती? ‘जास्त’ म्हटलंय, पण करायची वजाबाकी.

‘एकूण, जास्त आलं की बेरीज; उरले, कमी आलं की वजाबाकी’ ही युक्ती अनेक शिकवण्यांत पाठ करून घेतात. शेवटची दोन उदाहरणं त्या युक्तीने हमखास चुकतात. ती मुलांना शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला गोष्ट आधी स्वतःच्या शब्दांत सांगू द्या, कोणाकडे जास्त ते विचारा, हवं तर दोन पट्ट्या काढू द्या. आणि घडण बदलताना संख्या सोप्या करा. ५२ आणि १७ ऐवजी १८ आणि ५ घेतले तर हातच्याची भानगड मधे येत नाही आणि मूल अडलंच तर गोष्टीपाशी अडलं हे निश्चित होतं.

गैरसमज : मांडणी बदलणं म्हणजे नुसती गंमत

उभी मांडणी छापून दिली की एककाखाली एकक आपोआप येतो. ३०५ − ४८ असं आडवं लिहून द्या. ४८ डावीकडून लिहून ३ खाली ४ मांडणारी मुलं लगेच दिसतात. स्थानिक किंमत समजली की नाही, हे या साध्या बदलातून कळतं. रिकाम्या चौकटीचं गणित (६☐ − २७ = ३६) मुलाला उलटा विचार करायला लावतं. तयार सोडवलेलं, पण एका जागी चुकलेलं गणित देऊन ‘यातली चूक शोध’ म्हटलं, तर जे मूल स्वतःच्या चुकीबद्दल बोलायला लाजतं तेही बोलू लागतं. मात्र रीत अजून पक्की नसेल तर चूक शोधायला देऊ नका, चुकीची रीतच लक्षात राहण्याचा धोका असतो. तोवर पूर्ण सोडवलेलं एक आणि तसंच स्वतः सोडवायचं एक, अशा जोड्या बऱ्या.

गैरसमज : एकाच प्रकारची सगळी बरोबर आली म्हणजे जमलं

पानभर हातच्याची गणितं सोडवलेल्या मुलाला ६८ − २३ द्या. पुष्कळ मुलं इथेही सवयीने दशक मोडून बसतात, कारण हातचा घ्यायचा की नाही हे त्यांना कधी ठरवावंच लागलेलं नसतं. ते पानाच्या मथळ्यानेच ठरवून टाकलेलं असतं.

डग रोहरर आणि केली टेलर यांचा २००७ सालचा प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणितं मिसळून. सरावात सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा सलग सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून सोडवणारे ६३ टक्क्यांवर होते. नवी रीत शिकताना पहिली काही गणितं एकाच प्रकारची असावीत, हे यातून खोटं ठरत नाही. पण ती समजल्यावर मिसळण मात्र हवीच.

म्हणून पालकांना एक विनंती. घरी दहा गणितं द्यायची असतील, तर पाच हातच्याची द्या, दोन बिनहातच्याची, एक बेरजेचं, एक शून्यवालं आणि एक गोष्टीतलं, आणि क्रम विस्कटून द्या. सुरुवातीला दहांपैकी सहा-सातच बरोबर येतील. त्यावर ओरडू नका आणि लगेच आणखी वीसही देऊ नका. चुकलेल्या तीन-चारांपाशी बसा आणि ‘इथे तू काय केलंस, सांग बरं’ म्हणून मुलाला बोलू द्या. पुढचं उदाहरण कोणतं द्यायचं, ते त्या उत्तरातून ठरवा.